‘गा’ हवा की ‘नो’? जपानी विशेषण-उपवाक्यात वारंवार अडणारी गाठ

तक्रार

जपानी शिकणारे विद्यार्थी एन ५ ही परीक्षेची सर्वांत सोपी पातळी ओलांडून पुढे गेले की त्यांच्या वह्यांमध्ये एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसू लागतो. ‘आईने बनवलेला केक’ असे लिहायचे असते. पुस्तकात एका ठिकाणी ‘हाहा गा त्सुकुत्ता केएकि’ असते आणि दुसऱ्या ठिकाणी ‘हाहा नो त्सुकुत्ता केएकि’. शिक्षक दोन्ही बरोबर म्हणतात. मग विद्यार्थी धीर करून पुढच्या वाक्यात ‘नो’ वापरतो आणि त्यावर लाल रेघ येते. त्यानंतरच्या वाक्यात तो सावधपणे ‘वा’ वापरतो, त्यावर तर वाक्याचा अर्थच बदलल्याचा शेरा मिळतो. यावर सहसा विचारला जाणारा प्रश्न असा असतो : ‘नो’ म्हणजे ‘चा’, ‘ची’, ‘चे’ हे आम्हाला माहीत आहे, मग उपवाक्यात ‘नो’च्या जागी ‘गा’ का येतो?

हा प्रश्न उलट्या बाजूने विचारला जातो आणि निम्मा घोळ तिथेच होतो. आजच्या जपानीत कर्ता दाखवणारा मूळ पार्टिकल, म्हणजे शब्दाच्या मागे येऊन त्याचे वाक्यातले काम दाखवणारा छोटा शब्द, ‘गा’ आहे. नामाला चिकटलेल्या उपवाक्यात, काही अटी पाळल्या तर, त्याच्या जागी ‘नो’ चालतो. म्हणजे सवलत ‘नो’ला मिळालेली आहे, ‘गा’ला नाही. एवढा क्रम मनात पक्का झाला की लाल रेघा कुठे आणि का येतात हे बऱ्याच अंशी आपोआप कळू लागते, कारण त्या बहुतेक वेळा सवलतीच्या अटी मोडल्यामुळे आलेल्या असतात.

आधी ‘वा’ काढून टाकावा

‘नो’कडे वळण्यापूर्वी त्याहून मोठी चूक दुरुस्त करणे भाग आहे, कारण पुष्कळदा ‘गा-नो’चा घोळ म्हणून जे समोर येते ते प्रत्यक्षात ‘वा’चे दुखणे असते. ‘आईने बनवलेला केक मी खाल्ला’ हे वाक्य घेऊ. जपानीत ‘मी’ सहसा गाळला जातो, म्हणून योग्य वाक्य असे होते :

हाहा गा त्सुकुत्ता केएकि ओ ताबेमाशिता.

विद्यार्थी पहिल्या धड्यापासून ‘वाताशि वा’, ‘हाहा वा’ अशी वाक्ये घोकत आलेला असतो, त्यामुळे त्याच्या हातून सहज असे उतरते :

हाहा वा त्सुकुत्ता केएकि ओ ताबेमाशिता.

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. त्याचा अर्थ ‘आईने (स्वतः) बनवलेला केक खाल्ला’ असा होतो, म्हणजे खाणारी आई आहे. ‘वा’ हा विषय मांडणारा पार्टिकल आहे. तो उपवाक्याच्या आत थांबत नाही, तर उडी मारून थेट शेवटच्या क्रियापदाला, म्हणजे ‘ताबेमाशिता’ला, जाऊन भिडतो. केक कोणी बनवला हे सांगण्यासाठी ठेवलेला शब्द अशा रीतीने केक कोणी खाल्ला हे सांगू लागतो.

म्हणून पहिली तपासणी ही : ज्या नामाचे वर्णन चालले आहे त्यावर बोट ठेवावे आणि त्याच्या डावीकडचा, वर्णन करणारा भाग वेगळा काढावा. जपानीत हे उपवाक्य नेहमी नामाच्या आधीच येते आणि त्याला ‘जो’, ‘जी’, ‘जे’ यांसारखा जोडशब्द नसतो. मराठी वाचकाला हे अवघड वाटू नये, कारण ‘जो केक आईने बनवला तो’ हे वळण सोडून आपणही ‘आईने बनवलेला केक’ असे सर्रास म्हणतो. वेगळ्या काढलेल्या तुकड्यात ‘वा’ दिसला तर तो बदलावा. अपवाद फक्त विरोध दाखवायचा असेल तेव्हाचा. ‘निकु वा ताबेनाइ हितो’, म्हणजे मांस तेवढे न खाणारा माणूस, यात ‘वा’ खपतो, कारण तिथे ‘इतर काही खातो, पण मांस नाही’ अशी सूचना असते. बनवलेल्या केकच्या वाक्यात अशी काही सूचना नाही.

जाता जाता आणखी एक चूक इथेच निकालात काढता येते. काहीजण क्रियापद आणि नाम यांच्यामध्येही ‘नो’ घालतात : ‘त्सुकुत्ता नो केएकि’. हे कधीच चालत नाही. क्रियापद साध्या रूपात नामाला थेट टेकते, मध्ये काही लागत नाही.

सवलत मिळते ती कशामुळे

आता मूळ मुद्दा. ‘हाहा गा त्सुकुत्ता’ एवढेच वाक्य असेल तर ‘आईने बनवला’ असा अर्थ होतो, आणि तिथे ‘हाहा नो त्सुकुत्ता’ म्हणता येत नाही. ‘केएकि’ हे नाम उजवीकडे येऊन उभे राहिले की मगच ‘नो’ला जागा मिळते. ‘नो’चे मूळ काम एका नामाला दुसऱ्या नामाशी जोडण्याचे आहे. उपवाक्याचे क्रियापद नामाकडे तोंड करून उभे असले की त्याच्या आधीच्या कर्त्यालाही त्या नामाशी असा धागा जोडता येतो.

क्रियापदाचे हे ‘नामाकडे तोंड करणे’ आजच्या जपानीत सहसा डोळ्यांना दिसत नाही, कारण वाक्य संपवणारे रूप आणि नामाआधीचे रूप सारखेच असते. पण ‘सुकि दा’ (आवडते) या शब्दाला नामापुढे ठेवले की त्याचे ‘सुकि ना’ होते, आणि तिथे फरक उघड होतो. म्हणून ‘चिचि नो सुकि ना माचि’, बाबांना आवडणारे शहर, हे बरोबर आहे. पण ‘चिचि नो सुकि दा’ असे वाक्य कुणी बोलत नाही. याच कारणाने ‘तो ओमोउ’ (असे वाटते) किंवा ‘कारा’ (म्हणून, कारण) यांच्याआधी ‘नो’ बसत नाही. ‘चिचि गा किता कारा’, बाबा आले म्हणून, हे ठीक. ‘चिचि नो किता कारा’ हे चूक, कारण ‘कारा’ हे नाम नव्हे. याउलट ‘तोकि’ (वेळ) आणि ‘माए’ (आधी) ही नामेच असल्यामुळे ‘चिचि नो किता तोकि’ आणि ‘चिचि नो कुरु माए नि’ दोन्ही चालतात.

इथे मराठीत एक खरोखरच जवळची गोष्ट आहे. ‘बाबा येण्याची वेळ झाली’ आणि ‘बाबांच्या येण्याची वेळ झाली’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो, आणि दोन्हींमध्ये येणारे बाबाच असतात. ‘येणे’ या क्रियापदाला नामाचे रूप मिळाल्यावरच कर्त्याला षष्ठी चढू शकते. ‘बाबांचे आले’ असे कुणी म्हणत नाही. जपानीतली ‘चिचि गा कुरु जिकान’ आणि ‘चिचि नो कुरु जिकान’ ही जोडी या जोडीच्या फार जवळ बसते. मात्र हे साम्य फार ताणू नये. ‘आईने बनवलेला केक’ याऐवजी ‘आईचा बनवलेला केक’ असे प्रमाण मराठीत होत नाही, जपानीत मात्र होते. शिवाय पुढे येणारी कर्माची अट मराठीला लागू नाही.

इतिहासाची थोडी मदत

‘गा’ आणि ‘नो’ एकमेकांच्या जागेवर का फिरतात याचे उत्तर जुन्या जपानीत आहे. तिथे हे दोघेही संबंध दाखवणारे पार्टिकल होते, आणि दोघेही उपवाक्याचा कर्ता दाखवत. मुख्य वाक्याच्या कर्त्याला मात्र बहुधा काहीच पार्टिकल लागत नसे. ‘गा’चा तो ‘चा’ हा अर्थ आजही काही घट्ट झालेल्या शब्दांत उरला आहे. ‘वागा कुनि’ म्हणजे ‘आपला देश’. १६०० सालच्या लढाईमुळे प्रसिद्ध झालेल्या सेकिगाहारा या गावाच्या नावात ‘सेकि’ म्हणजे नाका, ‘हारा’ म्हणजे माळ, आणि मधला ‘गा’ म्हणजे सरळ ‘चे’ आहे. टोकियोतल्या जियुगाओका या भागाचे नाव बरेच अलीकडचे असले तरी ‘स्वातंत्र्याची टेकडी’ हा अर्थ त्याच जुन्या धाटणीने बांधलेला आहे.

पुढे मध्ययुगात एक मोठा बदल घडला. नामाआधी वापरले जाणारे क्रियापदाचे रूप वाक्य संपवण्यासाठीही वापरले जाऊ लागले आणि हळूहळू वाक्य संपवणारे जुने रूप मागे पडले. त्या रूपाबरोबर उपवाक्यात वावरणारा ‘गा’ही मुख्य वाक्यात आला आणि तिथला कर्त्याचा नेहमीचा पार्टिकल झाला, ‘चा’ म्हणून असलेले आपले जुने काम त्याने जवळजवळ सोडून दिले. ‘नो’ मात्र नामाशी बांधलेलाच राहिला. म्हणून आज ‘गा’ सगळीकडे जाऊ शकतो आणि ‘नो’ फक्त नामाच्या सावलीत. ‘नो’च्या जागी ‘गा’ का, या मूळ प्रश्नाला काही अर्थ असेल तर तो एवढाच, की आजच्या बोलण्यात उपवाक्यातसुद्धा ‘गा’चाच वापर अधिक होतो.

लाल रेघ येते ती जागा : कर्म मध्ये आले की

आता सर्वांत नुकसान करणारी अट पाहू. ‘मित्राने ज्याला पुस्तक उसने दिले तो माणूस’ असे म्हणायचे आहे. ‘तोमोदाचि’ म्हणजे मित्र, ‘होन’ म्हणजे पुस्तक, ‘काशिता’ म्हणजे उसने दिले.

तोमोदाचि गा होन ओ काशिता हितो.

हे वाक्य बरोबर आहे. ‘गा’च्या जागी ‘नो’ ठेवून पाहू.

तोमोदाचि नो होन ओ काशिता हितो.

वाचणारा जपानी माणूस याचा अर्थ ‘ज्याने मित्राचे पुस्तक उसने दिले तो माणूस’ असा लावतो. पहिल्या वाक्यात हा माणूस पुस्तक घेणारा होता, दुसऱ्यात तो पुस्तक देणारा झाला, आणि मित्र देणाऱ्याच्या जागेवरून उठून केवळ पुस्तकाचा मालक उरला. अक्षर बदलले एकच, पण व्यवहार पूर्ण उलटला. ‘नो’च्या लगेच पुढे ‘होन’ हे नाम आले, आणि ‘नो’ जे काम सर्वांत आधी करतो, म्हणजे दोन नामे जोडण्याचे, ते त्याने करून टाकले.

इथे काही विद्यार्थी एक पळवाट काढतात : कर्म आधी ठेवले तर ‘नो’ आणि ‘होन’ शेजारी येणार नाहीत. म्हणजे ‘होन ओ तोमोदाचि नो काशिता हितो’. अर्थाचा गोंधळ यात खरोखरच टळतो, तरीही हे वाक्य जपानी कानाला खटकते. यावरून अडचण निव्वळ दुहेरी अर्थाची नाही हे कळते. उपवाक्यात ‘ओ’ लावलेले कर्म उघडपणे हजर असेल तर कर्त्याला ‘नो’ मिळत नाही, असा हा नियमच आहे.

मग ‘हाहा नो त्सुकुत्ता केएकि’ कसे चालले? ‘बनवणे’ हे तर सकर्मक क्रियापद आहे. उत्तर असे की त्यातले कर्म ‘केएकि’ हेच आहे, आणि ते उपवाक्यातून बाहेर पडून वर्णिलेले नाम झाले आहे. उपवाक्यात ‘ओ’ लावलेले काहीच उरलेले नाही. ‘तोमोदाचि नो काइता होन’, मित्राने लिहिलेले पुस्तक, हेही याच कारणाने निर्दोष आहे. म्हणून तपासताना क्रियापद सकर्मक आहे का हे पाहू नये. उपवाक्यात ‘ओ’ उरला आहे का एवढेच पाहावे. वहीतल्या लाल रेघांचा मोठा भाग या एका तपासणीने निघून जातो.

कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये काय आहे

दुसरी अट इतकी कडक नाही. ‘आईने काल बनवलेला केक’ यासाठी ‘हाहा गा किनोओ त्सुकुत्ता केएकि’ हे सरळ आहे. ‘हाहा नो किनोओ त्सुकुत्ता केएकि’ काहींना चालते, काहींना ओढूनताणून वाटते. ‘किनोओ हाहा नो त्सुकुत्ता केएकि’ असा क्रम केला की ती अडचण राहत नाही, कारण ‘हाहा नो’ पुन्हा क्रियापदाला लागून येते. शिन-इचि हारादा यांनी १९७१ साली या अदलाबदलीवर लिहिलेल्या लेखात जपानी भाषकांचे आपापसात एकमत नसते हे दाखवून दिले होते, आणि मतभेदाची ठळक जागा हीच होती : मध्ये शब्द आले की काहीजण ‘नो’ स्वीकारतात, काहीजण नाही. त्यामुळे दोन शिक्षकांनी याच एका वाक्यावर दोन वेगळे शेरे दिले तर त्यातल्या एकाला जपानी येत नाही असा निष्कर्ष काढू नये. शिकणाऱ्याने आपल्यापुरता कडक नियम धरावा : कर्ता, ‘नो’, लगेच क्रियापद किंवा विशेषण, लगेच नाम.

या कडक साच्यात बसणारी छोटी उपवाक्ये मात्र ‘नो’ला इतकी सोयीची आहेत की तिथे ‘नो’ अगदी रुळलेला आढळतो. ‘से नो ताकाइ हितो’ (उंच माणूस), ‘आतामा नो इइ हितो’ (हुशार माणूस), ‘आमे नो फुरु हि’ (पाऊस पडतो तो दिवस), ‘निहोन्गो नो वाकारु हितो’ (जपानी समजणारा माणूस) हे सगळे याच मापाचे आहेत. यांत ‘गा’ ठेवला तरी चूक नाही. फरक छटेचा आहे : ‘नो’ने तो गुण माणसाचा कायमचा भाग असल्यासारखा घट्ट बसतो, तर ‘गा’ने विधान केल्याचा भास थोडा उरतो. ‘निहोन्गो’च्या उदाहरणात ‘ओ’ नाही याकडेही लक्ष द्यावे. ‘वाकारु’ला ज्याची समज आहे ती गोष्ट ‘गा’नेच दाखवली जाते, म्हणून तिलाही ‘नो’ची सवलत मिळते.

मग ‘नो’ वापरायचाच कशाला

सवलतीच्या अटी मोडतील अशी भीती वाटत असेल तर उपवाक्यात सगळीकडे ‘गा’ लिहावा. तो व्याकरणाने कुठेच अडत नाही. बोलताना तर हाच सल्ला मी देईन. पण लिहिताना ‘नो’ एका ठिकाणी फार उपयोगी पडतो आणि ते ठिकाण ओळखता आले पाहिजे. ‘मोठ्या भावाने आईने बनवलेला केक खाल्ला’ हे वाक्य मराठीतही दोन ‘ने’ लागोपाठ आल्यामुळे अडखळते. जपानीत ते असे :

आनि गा हाहा गा त्सुकुत्ता केएकि ओ ताबेता.

दोन ‘गा’ पाठोपाठ आल्यामुळे वाचणाऱ्याला कोण बनवणारा आणि कोण खाणारा हे थांबून ठरवावे लागते. आतला ‘गा’ बदलला की गाठ सुटते :

आनि गा हाहा नो त्सुकुत्ता केएकि ओ ताबेता.

मुख्य वाक्याचा कर्ता ‘नो’ कधीच होऊ शकत नाही. त्यामुळे ‘हाहा नो’ दिसताक्षणी वाचणाऱ्याला कळते की आई केकच्या वर्णनातच राहणार, आणि खाणारा ‘आनि’च असणार. मोठा भाऊ वाक्यात नसला तरी हा फायदा उरतो. ‘हाहा गा त्सुकुत्ता केएकि ओ ताबेता’ याचा ‘दुसऱ्या कुणी बनवलेला केक आईने खाल्ला’ असाही अर्थ लावता येतो. ‘हाहा नो’ लिहिले की तो दुसरा अर्थ बंद होतो. ‘वा’ने झालेली पहिली चूक आठवली तर हे तिच्या बरोबर उलट आहे : ‘वा’ उपवाक्यातून बाहेर पळतो, ‘नो’ बाहेर जाऊच शकत नाही, आणि ‘गा’ दोन्हीकडे जाऊ शकतो.

परीक्षेसाठी एक सूचना. ‘हे बाबांनी काढलेले छायाचित्र आहे’ अशा अर्थाच्या वाक्यात ‘चिचि’नंतर रिकामी जागा असेल आणि पर्यायांत ‘वा’, ‘ओ’, ‘नि’, ‘नो’ एवढेच असतील, तर ‘गा’ नाही म्हणून गोंधळून ‘वा’ निवडू नये. ‘चिचि नो तोत्ता शाशिन’ यात ‘ओ’ लावलेले कर्म नाही, मध्ये शब्द नाही, उजवीकडे नाम आहे, उत्तर ‘नो’. त्याच प्रश्नात ‘चिचि’ आणि ‘तोत्ता’ यांच्यामध्ये ‘ओ’ लावलेले कर्म असेल आणि पर्यायांत ‘गा’ही असेल, तर उत्तर ‘गा’.